दुखणे मराठीत, डॉक्टर जर्मन

*श्टुटगार्टहून एका वाचक भगिनीचे पत्र :*

*«नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही पुण्याहून इकडे आलो. मी जर्मनची बी-१ परीक्षा उत्तीर्ण आहे. बाजारहाट, मुलाची शाळा एवढे निभावते. गेले चार आठवडे कंबर दुखते आहे. बसले की वाढते, खोकले की कळ जाते, आडवे पडले की बरे वाटते. कमरेतून डाव्या पोटरीपर्यंत ओढ लागते आणि पायाला मुंग्या येतात. डॉक्टरांसमोर मात्र मी गडबडले. कमरेसाठी ‘ह्युफ्टे’ हा शब्द वापरला, पुढचे इंग्रजीतून जुळवताना अडखळले. त्यांनी मांडी फिरवून खुब्याचा सांधा तपासला, तो ठीक आहे म्हणाले आणि मलम लिहून दिले. नवरा म्हणतो, इंग्रजी बोलणारा डॉक्टर शोधू, नाहीतर मी बरोबर येतो. मला वाटते, वैद्यकीय शब्दसंग्रह पक्का होईपर्यंत एकटीने जाण्यात अर्थ नाही. काय करावे?»*

तुमचे पत्र वाचताना पहिल्यांदा जाणवले ते असे, की डॉक्टरांना जे जे हवे असते ते सगळे तुम्ही मराठीत चार ओळींत सांगून टाकले आहे. कुठे दुखते, कधीपासून, कसे दुखते, कुठवर जाते, कशाने वाढते आणि कशाने कमी होते, यांपैकी एकही गोष्ट त्यात राहिलेली नाही आणि एकही वैद्यकीय शब्द त्यात आलेला नाही. म्हणून शब्दसंग्रह पक्का होईपर्यंत थांबण्याचा तुमचा विचार मला पटत नाही. अडचण वेगळ्या ठिकाणी आहे असे मला वाटते : दुखणे तुम्हाला मराठीत जाणवते, ते तुम्ही आधी इंग्रजीत नेता आणि तिथून जर्मनमध्ये आणता. या मधल्या मुक्कामात बरेच काही सांडते.

इंग्रजी बोलणारा डॉक्टर शोधण्यात गैर काही नाही. श्टुटगार्टसारख्या शहरात तो सापडेलही. परंतु फोनवर वेळ देणारी स्वागतकक्षातील मदतनीस, रक्त घेणारी परिचारिका, रविवारी रात्री 116117 या क्रमांकावर उचलला जाणारा फोन, फिजिओथेरपीचा माणूस, हे सगळे इंग्रजी बोलतीलच असे नाही. शिवाय कळ, ओढ, ठणका हे तुम्हाला इंग्रजीत तरी नेमके सांगता येतात का, हे एकदा स्वतःला विचारून पाहा. नवरा बरोबर असणे चांगलेच, पण तो बोलू लागला की दुखण्याचे वर्णन त्याच्या अंदाजाचे होते. पोटाच्या तक्रारीत स्त्रीला ‘वान वार ईरे लेट्स्टे पेरिओडे?’, म्हणजे शेवटची पाळी कधी आली, हे हमखास विचारतात, आणि अंगावरून पांढरे जाणे (त्याला ‘आउसफ्लुस’ म्हणतात) यासारख्या गोष्टी दुसऱ्याच्या तोंडून सांगवत नाहीत. त्याला जरूर न्या. मात्र बोलणे तुमचे आणि अडले तर मदत त्याची, असे आधीच ठरवून घ्या.

आता मुद्द्याकडे वळू. जर्मन वाक्ये मी उच्चाराच्या जवळ जाईल अशी देवनागरीत लिहिते आहे. त्यांचे लेखन तुम्हाला येतेच.

आधी त्या ‘ह्युफ्टे’चा उलगडा करू. शब्दकोशात कमरेला तो शब्द सापडतो खरा, परंतु जर्मन माणसाच्या दृष्टीने ‘ह्युफ्टे’ म्हणजे बाजूचा खुबा, मांडीचे हाड जिथे बसते तो सांधा. तुमच्या डॉक्टरांनी म्हणूनच तो सांधा तपासला. तुम्ही जे सांगितले त्याचीच तपासणी झाली. आपण जिला ‘कंबर दुखते’ म्हणतो ती जागा जर्मनमध्ये पाठीचाच खालचा भाग, म्हणजे ‘उंटरर र्‍यूकन’, किंवा बोलीभाषेत ‘क्रॉइत्स’. ‘मीर टूट दास क्रॉइत्स वे’ असे म्हटले, की कोणताही जर्मन डॉक्टर हात कमरेच्या मणक्यावर ठेवील. तपासणीच्या कागदावर पुढे ‘एल-वे-एस’ अशी तीन अक्षरे दिसली, तर ती याच कमरेच्या मणक्यांची आहेत.

शरीराची वाटणी दोन्ही भाषांत सारखी नाही, आणि घोटाळे बहुतेक तिथेच होतात. आपला ‘पाय’ मांडीपासून बोटांपर्यंत एकच. जर्मनमध्ये घोट्याच्या वरचा तो ‘बाइन’ आणि खालचा तो ‘फूस’. ‘हात’ही तसाच : मनगटापर्यंत ‘आर्म’, पुढे ‘हान्ट’. (गंमत अशी, की तुमच्या भागातील जुनी श्वाबियन मंडळी संपूर्ण पायालाच ‘फूस’ म्हणतात. शेजारच्या आजीबाईंचा ‘फूस’ दुखत असेल तर तो नेमका कुठे, हे विचारूनच घ्यावे.) मानेचे तर आणखी अवघड आहे. ‘हाल्स’ म्हणजे गळा, घसा आणि पुढून दिसणारी मान. उशी चुकून आखडते ती मागची मान म्हणजे ‘नाकन’. मान आखडली असताना ‘हाल्सश्मेर्त्सन’ म्हणालात, तर डॉक्टर तोंड उघडायला सांगून घशात बघतील. पोटासाठी ‘बाउख’ हा सुरक्षित शब्द आहे, आणि त्याला ‘ओबर’ (वरचे) किंवा ‘उंटर’ (खालचे) जोडून पुढे ‘लिंक्स’ किंवा ‘रेश्ट्स’ म्हटले की जागा पक्की होते. पोटात उजवीकडे वर आणि उजवीकडे खाली दुखणे या डॉक्टरांच्या लेखी दोन निराळ्या गोष्टी असतात : वरचे दुखणे असले तर ते पित्ताशयाचा विचार करतात, खालचे असले तर अपेंडिक्सचा.

नाव आठवलेच नाही तर बोट ठेवून ‘गेनाउ हीर’, म्हणजे नेमके इथे, म्हणावे. त्यात कमीपणा काहीच नाही. डॉक्टर स्वतःही शेवटी ‘त्साइगन झी मीर, वो’, कुठे ते दाखवा, असेच म्हणतात.

दुसरी गोष्ट वाक्यांच्या घडणीची, आणि इथे मराठी तुमच्या बाजूने उभी आहे. आपण ‘मला मळमळते’, ‘मला चक्कर येते’, ‘मला थंडी वाजते’ असे म्हणतो. त्रास ज्याला होतो तो ‘मला’ आणि त्रास आपोआप घडणारा. जर्मनमध्येही हेच आहे : ‘मीर इस्ट यूबल’, ‘मीर इस्ट श्विंडलिश’, ‘मीर इस्ट काल्ट’. इंग्रजीवरून आलात तर तोंडातून ‘इश बिन’ निघते, आणि मग ‘इश बिन श्लेश्ट’ याचा अर्थ मी वाईट माणूस आहे असा होतो, तर ‘मीर इस्ट श्लेश्ट’ म्हणजे मला उलटीसारखे होते आहे. तेव्हा जिथे मराठीत ‘मला’ येते तिथे आधी ‘मीर’ चालते का ते पाहावे. ‘मीर टूट देर बाउख वे’ ही दुखण्याची साधी चौकट. दुखणारा भाग अनेकवचनी असेल तर ‘टूट’चे ‘टून’ होते, जसे ‘मीर टून दी फ्यूसे वे’. ‘देर’, ‘दी’, ‘दास’ यांत चूक झाली तरी एकाही डॉक्टरचे निदान त्यामुळे बदलत नाही. त्या चुकीच्या भीतीने मात्र अनेक जण अर्धे वाक्य गिळतात.

काळाचेही तसेच. ‘चार आठवड्यांपासून दुखते आहे’ यात मराठीत क्रियापद वर्तमानकाळी असते, जर्मनमध्येही तसेच : ‘इश हाबे झाइट फीर वॉखन श्मेर्त्सन’. इंग्रजीच्या नादाने भूतकाळी रूप घातले, की दुखणे होऊन गेले, आता नाही, असा समज होऊ शकतो. दुखणे ज्या क्षणी सुरू झाले तो सांगायचा असेल तरच ‘फोर’ : ‘फोर फीर वॉखन हाट एस आंगेफांगन’, म्हणजे चार आठवड्यांपूर्वी सुरू झाले. अचानक झाले की हळूहळू, हे ‘प्लोट्स्लिश’ आणि ‘लांगझाम’ या दोन शब्दांत भागते. आणि ‘खोकताना’, ‘गिळताना’, ‘जिना चढताना’ यांसाठी ‘बाइम’ ही एक चावी पुरते : ‘बाइम हूस्टन’, ‘बाइम श्लुकन’, ‘बाइम ट्रेपनश्टाइगन’. मराठीतला ‘-ताना’ दिसला की जर्मनमध्ये ‘बाइम’ लावून क्रियापद जसेच्या तसे ठेवावे.

दुखणे कसे आहे हे सांगायला आपल्याकडे शब्दांची श्रीमंती आहे, आणि बहुतेकांना जर्मनमध्ये जोड आहे. सुई टोचल्यासारखी कळ किंवा चमक म्हणजे ‘एस श्टिश्ट’. जळजळ किंवा आग होणे म्हणजे ‘एस ब्रेन्ट’. ओझे ठेवल्यासारखे दडपण म्हणजे ‘एस द्र्यूक्ट’. गळवात किंवा किडलेल्या दातात नाडीबरोबर उसळणारा ठणका म्हणजे ‘एस पॉख्ट’. पोटात मुरडा येतो त्याला ‘क्रांप्फआर्टिश’ म्हणतात, आणि शिरेच्या वाटेने लागणारी तुमची ओढ म्हणजे ‘एस त्सीट’. मुंग्या येणे म्हणजे ‘एस क्रिबल्ट’, आणि बधिर होणे म्हणजे ‘टाउप’. मुंग्या आणि बधिरपणा यांत डॉक्टर काटेकोर फरक करतात. मुंग्या येतात पण स्पर्श कळतो, की स्पर्शच कळत नाही, हे घरी दोन्ही पावलांवर कापूस फिरवून आधीच पाहून ठेवा. हा प्रश्न तुम्हाला नक्की येणार आहे.

जोड नसलेल्या शब्दांपाशी मात्र थांबावे लागते, आणि इथे मला आपल्या एका सवयीविषयी थोडे स्पष्ट बोलायचे आहे. आपण दुखणे सांगताना पुष्कळदा कारणच सांगून मोकळे होतो : पित्त झाले, उष्णता झाली, वात धरला, गॅस चढला, सायटिका आहे. महाराष्ट्रातील डॉक्टर त्यातून लक्षण ओळखून घेतात. जर्मन डॉक्टरांपुढे ‘गाले’, म्हणजे पित्त, हा शब्द काढलात तर ते तुमच्या पित्ताशयात खडे शोधू लागतील. तुम्हाला आंबट ढेकर येऊन छातीत जळजळत असेल तर ‘इश हाबे झोटब्रेनन’ म्हणावे. अंगावर पित्त उठले असेल तर ‘क्वाडलन’, म्हणजे गांधी, ‘उंट एस युक्ट’, म्हणजे आणि खाज सुटते. उष्णतेने तोंड आले असेल तर ‘आफ्टन इम मुंट’. तुमच्या बाबतीतही ‘मला इशिआस आहे’ असे जाहीर करू नये. तो निष्कर्ष डॉक्टरांचा. तुमच्या ओळी ऐकून ते तो स्वतःच तपासतील, आणि तो चुकीचा असेल तर तुमच्या शब्दाने त्यांचा रस्ता अडणार नाही.

यांतील ‘गॅस’ सर्वांत जपून. पोट फुगले असेल तर ‘ब्लेउंगन’ ठीक आहे. परंतु छातीवर दगड ठेवल्यासारखे होत असेल, दुखणे डाव्या हातात किंवा जबड्यात जात असेल, घाम फुटत असेल, तर तो गॅस आहे असे स्वतःच ठरवू नये. 112 ला फोन करून ‘इश हाबे श्टारकन ड्रुक आउफ देर ब्रुस्ट’ आणि श्वास लागत असेल तर ‘इश बेकॉमे श्लेश्ट लुफ्ट’ एवढे बोलावे, पत्ता सांगावा आणि पलीकडचा माणूस सांगेपर्यंत फोन ठेवू नये.

दुखण्याची तीव्रता शून्य ते दहा यांत विचारली जाते. आपल्यापैकी अनेक जणी ‘तसे फार नाही’ म्हणत तीनवर येऊन थांबतात, तर काही जण पहिल्या झटक्यात दहा म्हणतात. दोन्हींतून डॉक्टरांना फारसे काही कळत नाही. आकडा सांगावाच, पण त्याच्या मागे दुखण्यामुळे काय करवत नाही ते जोडावे. ‘बसवत नाही’, ‘चालवत नाही’, ‘झोप लागत नाही’ यांसाठी ‘इश कान निश्ट’ ही चौकट घ्या. ‘इश कान निश्ट लेंगर आल्स त्सेन मिनूटन झिट्सन’, म्हणजे दहा मिनिटांपेक्षा जास्त बसवत नाही, हे वाक्य नुसत्या सातपेक्षा अधिक बोलके आहे.

तर तुमची स्वतःची चिठ्ठी अशी होईल. पुढच्या भेटीला ती लिहून न्या आणि वाचूनच दाखवा. कागदावरून वाचणारा रुग्ण तिथे कोणालाही विचित्र वाटत नाही.

इश हाबे झाइट फीर वॉखन श्मेर्त्सन इम उंटरन र्‍यूकन.
(चार आठवड्यांपासून माझी कंबर दुखते आहे.)

एस त्सीट फॉम क्रॉइत्स बिस इन दी लिंके वाडे.
(कमरेतून डाव्या पोटरीपर्यंत ओढ लागते.)

बाइम झिट्सन विर्ट एस श्लिमर, बाइम हूस्टन श्टिश्ट एस, इम लीगन विर्ट एस बेसर.
(बसले की वाढते, खोकताना कळ येते, आडवे पडले की कमी होते.)

एस क्रिबल्ट इम लिंकन फूस.
(डाव्या पावलात मुंग्या येतात.)

मुंग्या पावलात नसून पोटरीत येत असतील तर शेवटच्या ओळीत ‘इन देर लिंकन वाडे’ करा. पत्रात तुम्ही नुसता ‘पाय’ म्हटला आहे. त्याखाली घेत असलेली औषधे लिहावीत, आणि तीही भारतीय नावांनी नव्हे. पुण्याहून आणलेली कॉम्बिफ्लाम तिथल्या डॉक्टरांना ठाऊक नसते. त्यात आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल ही दोन औषधे आहेत, ती ‘वीर्कश्टॉफ’, म्हणजे मूळ घटक, म्हणून मिलिग्रॅमसह द्यावीत, नाहीतर तेच औषध दुसऱ्या नावाने पुन्हा लिहून मिळण्याची शक्यता राहते. ज्यांना ताप सांगायचा आहे त्यांनी फॅरनहाइट घरीच ठेवावे : आपला 101 म्हणजे तिथला 38.3, आणि जर्मनमध्ये तो दशांशासाठी ‘कॉमा’ म्हणून बोलला जातो.

चिठ्ठी वाचून झाली की प्रश्न येऊ लागतील, आणि त्यांतील काही ऐकायला साधे असूनही फसवे असतात. ‘माखन झी झिश बिटे फ्राय’ म्हणजे मोकळ्या व्हा असे नाही. तपासण्यासाठी कपडे काढा असे आहे. कुठले, हे कळले नाही तर ‘नूर ओबन?’, फक्त वरचे का, असे विचारावे. ‘श्टूलगांग’ म्हणजे शौचाला होणे, ‘वासरलासन’ म्हणजे लघवी, आणि रक्ततपासणीला ‘न्यूश्टर्न’ या असे सांगितले, तर उपाशीपोटी या. कमरेच्या दुखण्यात लघवीचा प्रश्न कशाला, असे वाटून तो ‘नाइन’ म्हणून उडवून लावू नका. लघवीवर ताबा राहत नसेल किंवा ती अडली असेल, जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिर वाटत असेल, पाऊल उचलता येत नसेल, तर शिरेवर मोठा दाब आल्याची ती खूण असू शकते आणि तेव्हा पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच क्षणी 112 ला फोन करायचा असतो. ‘इश कान दास वासर निश्ट हाल्टन’, लघवी रोखता येत नाही, हे एक वाक्य लाज न बाळगता पाठ करून ठेवा.

डॉक्टर बोलत असताना समजले नाही तरी ‘या, या’ म्हणत मान हलवणे, हे आपल्याकडे नम्रतेचे असले तरी तिथे ते ‘समजले, मान्य आहे’ असेच धरले जाते. त्याऐवजी ऐकलेले परत सांगून पाहावे : ‘हाबे इश झी रिश्टिश फरश्टांडन, त्स्वायमाल आम टाग?’, म्हणजे दिवसातून दोनदा, मी बरोबर समजले ना? शब्द निसटला तर ‘क्योनन झी दास बिटे आउफश्राइबन?’, जरा लिहून द्याल का, एवढे विचारावे. घरी आल्यावर तो कागद सावकाश वाचता येतो, नवऱ्याला दाखवता येतो.

नवी भेट मागताना फोनवर पहिल्या भेटीचा उल्लेख जरूर करा, म्हणजे तुम्ही नव्याने आलेल्या रुग्ण ठरणार नाही : ‘इश वार शोन बाय ईनन. एस इस्ट निश्ट बेसर गेवोर्डन’, मी आधी येऊन गेले आहे, बरे वाटलेले नाही. आत गेल्यावर पहिलेच वाक्य ‘निश्ट दी ह्युफ्टे, झोन्डर्न देर उंटरे र्‍यूकन’, खुबा नव्हे, पाठीचा खालचा भाग, असे असू द्या, आणि मग चिठ्ठी उघडा. मागच्या वेळचे मलम किती दिवस लावले आणि त्याने काय झाले, हे डॉक्टर त्यानंतर विचारतीलच. फरक पडला नसेल तर ‘दी झाल्बे हाट निश्ट गेहोल्फन’ म्हणावे, थोडा पडला असेल तर ‘आइन बिस्शन’.